चेस चालू असताना भाव कसा काढायचा: लागणारा रनरेट, हातातल्या विकेट्स आणि शेवटच्या बॉलपासून उलटं गणित

२९ जून २०२४, ब्रिजटाउन, टी२० वर्ल्डकपची फायनल. साउथ आफ्रिकेला १७७ करायच्यात, १५ ओव्हरमध्ये १४७ ला ४, अक्षरच्या ओव्हरमध्ये क्लासेनने आत्ताच धुलाई केलीय आणि आता ३० बॉलमध्ये ३० पाहिजेत, हातात सहा विकेट्स. लागणारा रनरेट बरोबर ६. या क्षणी साउथ आफ्रिकेच्या जिंकण्याचा योग्य भाव किती, म्हणजे त्यांच्यावर एक रुपया लावला आणि ते जिंकले तर किती परत यायला पाहिजेत?

सरळ साध्या मॉडेलने याचं उत्तर १.०४ येतं. तेच मॉडेल थोडं नीट चालवलं, म्हणजे उरलेल्या पाच ओव्हरपैकी दोन कोण टाकणार एवढं धरलं, की १.१५ येतं. दोन्ही आकडे ऐकायला जवळचे वाटतात पण समोरच्या बाजूने बघा, भारताचा भाव पहिल्या हिशोबात २५ च्या घरात आणि दुसऱ्यात ८ च्या खाली. म्हणजे तिप्पट फरक. हा फरक कुठून येतो आणि स्वतः कसा काढायचा ते सगळं इथे लिहितो. टी२० मधल्या शेवटच्या पाच-सहा ओव्हरपुरतंच बोलतो कारण तिथेच रनरेट आणि विकेट्सची खरी ओढाताण असते, आणि तेवढं नीट कळलं की बाकीच्या इनिंगला तेच गणित लांब करून लावायचं असतं.

आधी रनरेटवरचा भरवसा थोडा कमी करा

लागणारा रनरेट म्हणजे भागाकार आहे. वर रन्स, खाली ओव्हर्स. भागाकार केला की किती बॉल उरलेत ही गोष्ट गायब होते, आणि भाव तर तिच्यावरच उभा असतो.

उदाहरण घ्या. रनरेट १२ पाहिजे, हातात भरपूर विकेट्स. १ बॉलमध्ये २ पाहिजेत तरी १२, १२ बॉलमध्ये २४ पाहिजेत तरी १२ आणि ३० बॉलमध्ये ६० तरी १२ च. मी खाली जो बॉलचा तक्ता देतोय तो वापरला तर जिंकायची शक्यता १ बॉल असेल तेव्हा ४७ टक्के, २ बॉल असताना ४५, ६ बॉल असताना साधारण ३७, १२ ला साधारण २९ आणि ३० बॉलला १७ च्या आसपास येते. रनरेट तोच, शक्यता जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आली.

कारण असं की टीम पूर्ण जोर लावून समजा ओव्हरला ९.७ काढू शकते. १२ पाहिजेत म्हणजे दर ओव्हरला सव्वादोन रन्सचा खड्डा. एक ओव्हर असेल तर दोन रन्सचा खड्डा एखाद्या चौकाराने बुजतो, पाच ओव्हर असतील तर साडेअकराचा खड्डा होतो आणि नशिबाची साथ मात्र पाचपट वाढत नाही, ती वर्गमुळाने वाढते म्हणजे साधारण सव्वादोन पटच. उलट रनरेट टीमच्या ताकदीपेक्षा कमी असेल, म्हणजे ६ वगैरे, तर जास्त बॉल उरलेले चेस करणाऱ्याच्या फायद्याचे. म्हणून १२ जास्त की कमी हा प्रश्नच अर्धवट आहे, या टीमला या बॉलर्ससमोर जेवढं काढता येईल त्याच्या वर की खाली आणि किती बॉलसाठी, असं विचारायचं.

भाव म्हणजे काय ते एका परिच्छेदात

शक्यता p असेल तर फेअर भाव 1/p. ८० टक्के असेल तर १.२५. समोर दिसणाऱ्या भावात बुकीचं मार्जिन असतं, ते काढून टाकायचं. समजा एका टीमचा १.१० आणि दुसरीचा ८.०० दिसतोय, तर १/१.१० म्हणजे ०.९०९ आणि १/८ म्हणजे ०.१२५, बेरीज १.०३४. बेरीज १ च्या वर जेवढी जाते तेवढं मार्जिन, इथे ३.४ टक्के. ०.९०९ ला १.०३४ ने भागलं की ०.८७९, म्हणजे तो भाव खरं तर ८८ टक्के म्हणतोय, ९१ नाही. आपल्या मॉडेलची तुलना करायची ती या ८८ शी.

पायरी १: एका बॉलचा तक्ता

सगळं काम एका बॉलपासून सुरू होतं. एका बॉलवर काय काय होऊ शकतं आणि प्रत्येकाची शक्यता किती. आणि इथे पहिल्यांदाच एक ठरवावं लागतं की बॅट्समन कसा खेळतोय, कारण ३० बॉलमध्ये २० पाहिजे असणारा आणि ३० मध्ये ६० पाहिजे असणारा एकच बॅट्समन वेगळा बॅट फिरवतो. म्हणून कमीत कमी दोन तक्ते लागतात, एक सांभाळून खेळायचा आणि एक हाणायचा. हे माझे उदाहरणासाठी घेतलेले गोल आकडे आहेत:

| बॉलवर काय झालं | सांभाळून | हाणून |
|---|---|---|
| डॉट | ०.३५ | ०.३० |
| १ | ०.४५ | ०.३० |
| २ | ०.०८ | ०.०८ |
| ४ | ०.०७ | ०.१४ |
| ६ | ०.०२ | ०.१० |
| विकेट | ०.०३ | ०.०८ |

सांभाळून खेळलं तर बॉलला सरासरी १.०१ रन, ओव्हरला ६.०६. हाणून खेळलं तर बॉलला १.६२, ओव्हरला ९.७२. ओव्हरला साडेतीन रन्स जास्त मिळतात, आणि त्याची किंमत म्हणून बॉलमागे विकेट जायची शक्यता ३ वरून ८ टक्के होते. विकेट हातात असणं म्हणजे ही किंमत भरायला पैसे असणं, एवढंच. हे वाक्य डोक्यात ठेवा, पुढे सगळीकडे येणार आहे.

स्वतःचे आकडे काढायचे असतील तर क्रिकशीटवर बॉल-बाय-बॉल डेटा फुकट मिळतो. दुसऱ्या इनिंगचे शेवटच्या पाच-सात ओव्हरमधले बॉल घ्या आणि त्या बॉलच्या आधी लागणारा रनरेट किती होता त्यावरून गट पाडा, ६ च्या खाली, ६ ते ८, ८ ते १०, १० ते १२, १२ च्या वर. प्रत्येक गटाचा वेगळा तक्ता बनतो आणि तुम्हाला दिसेल की रनरेट वाढला की डॉट, एक-एक रन, षटकार, विकेट सगळ्याचं प्रमाण सरकतं.

इथे एक खड्डा आहे त्यात बरेच जण पडतात. डायरेक्ट असं करावंसं वाटतं की जुन्या मॅचेसमधून '३० बॉल, ३० रन्स, ६ विकेट्स' अशा वेळी किती जण जिंकले ते मोजून टाकू. मोजा, पण बरोबर त्या जागी आलेल्या मॅचेस बोटावर मोजण्याइतक्या निघतील, आणि दुसरं म्हणजे '३० बॉल, ४५ रन्स, २ विकेट्स' अशा अवस्थेत पोचलेल्या टीम्स मुळातच त्या दिवशी वाईट खेळत असतात, त्यामुळे त्यांचा निकाल दोन विकेट्सच्या किमतीबद्दल जेवढं सांगतो तेवढंच त्या टीमबद्दल पण सांगतो. बॉलच्या पातळीवर डेटा हजारोंनी मिळतो म्हणून बॉलपासून वर चढायचं.

पायरी २: शेवटचा बॉल, मग त्याच्या आधीचा

मॅच पुढून मागे सोडवायची. शेवटच्या बॉलला काय किंमत ते आधी, मग दोन बॉल उरले असताना काय ते त्यावरून. टाय झाली तर सुपर ओव्हर, ती मी अर्धी जीत धरतो, दोन्ही टीम्सना ५० टक्के.

शेवटच्या बॉलवर २ पाहिजेत आणि हाणायचं ठरवलं. २, ४, ६ पैकी काहीही आलं की जिंकलो, ०.०८ अधिक ०.१४ अधिक ०.१०, म्हणजे ०.३२. एक रन आली तर टाय, ०.३० च्या अर्धं ०.१५. एकूण ०.४७. सांभाळून खेळलो असतो तर ०.१७ अधिक ०.२२५, म्हणजे ०.३९५. बॅट्समन हाणणार, म्हणून ०.४७ धरायचं. असंच बाकीचं काढलं की १ पाहिजे तर ०.८१, ३ पाहिजेत तर ०.२८, ४ पाहिजेत तर ०.२४ येतं. टायचा अर्धा हिस्सा विसरलात तर २ पाहिजेत तिथे ४७ च्या जागी ३२ येईल, पंधरा टक्क्यांची चूक एका झटक्यात, म्हणून हे मी परत परत सांगतो.

आता दोन बॉलमध्ये ४. हाणून खेळतोय. डॉट किंवा विकेट मिळून ०.३८, तर मग १ बॉल ४ रन्स, त्याची किंमत ०.२४. एक रन ०.३०, तर १ बॉल ३ रन्स, किंमत ०.२८. दोन रन्स ०.०८, तर १ बॉल २, किंमत ०.४७. चौकार किंवा षटकार ०.२४, तर मॅच खलास. सगळे गुणाकार करून बेरीज करा, ०.०९१ + ०.०८४ + ०.०३८ + ०.२४०, म्हणजे ०.४५३. भाव २.२१.

आता तेच, पण शेवटची विकेट उरलीय. विकेट गेली की संपलं, म्हणून ०.३८ मधले ०.०८ शून्य होतात. उत्तर येतं ०.४३४. म्हणजे दोन बॉल उरलेत तेव्हा हातात सहा विकेट्स असणं आणि एक असणं यात फक्त दोन टक्क्यांचा फरक. टीव्हीवर 'विकेट्स इन हँड' म्हणून मोठ्याने सांगतात तेव्हा किती बॉल उरलेत ते आधी बघा.

पायरी ३: कॉम्प्युटरला सांगा

हाताने दोन बॉलपर्यंत ठीक आहे, तीसपर्यंत कोणी जाणार नाही. कोड एवढाच आहे. b म्हणजे उरलेले बॉल, r म्हणजे हव्या असलेल्या रन्स, w म्हणजे हातातल्या विकेट्स:

```python
from functools import lru_cache

MODES = [
  {0:.35, 1:.45, 2:.08, 4:.07, 6:.02, "W":.03},
  {0:.30, 1:.30, 2:.08, 4:.14, 6:.10, "W":.08},
]
WIDE = 0.0

@lru_cache(None)
def V(b, r, w):
    if r <= 0: return 1.0
    if b == 0 or w == 0:
        return 0.5 if r == 1 else 0.0
    best = 0.0
    for m in MODES:
        s = 0.0
        for k, p in m.items():
            if k == "W": s += p * V(b-1, r, w-1)
            else:        s += p * V(b-1, r-k, w)
        best = max(best, s)
    return (1-WIDE)*best + WIDE*V(b, r-1, w)
```

आधी `V(2, 4, 6)` चालवून बघा, ०.४५२८ यायला पाहिजे, आणि `V(2, 4, 1)` ला ०.४३३६. नाही आलं तर कुठेतरी टाइप करताना गडबड झालीय. मग `WIDE` मध्ये तुमच्या डेटातून आलेला वाइडचा हिस्सा टाका. वाइडने रन वाढते आणि बॉल कमी होत नाही, म्हणून तिथे b तसाच राहतो. शेवटच्या ओव्हर्समध्ये बॉलर वाइड यॉर्कर टाकायला जातात त्यामुळे वाइड्स भरपूर असतात, हा शून्य ठेवला तर चेस करणाऱ्या टीमची शक्यता कायम थोडी कमी लेखली जाते.

मागून सोडवायची ही कल्पना नवी नाही. न्यूझीलंडमध्ये स्कॉट ब्रूकर आणि शेमस होगन यांचं वास्प म्हणून जिंकायच्या शक्यतेचं जे मॉडेल टीव्हीवर दिसायचं ते याच पद्धतीचं. आणि ओव्हर्स आणि विकेट्स मिळून एकच साधन होतं ही कल्पना डकवर्थ-लुईसची, १९९७ च्या सुरुवातीला झिम्बाब्वे-इंग्लंड मॅचमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली.

`max` बद्दल एक गोष्ट. त्याचा अर्थ बॅट्समन प्रत्येक बॉलला सगळ्यात योग्य तेच खेळतो. खऱ्या मैदानात लोक खूप वेळ सांभाळत बसतात आणि मग एकदम अंगावर येतं. म्हणून `max` वालं उत्तर चेसच्या बाजूने जरासं झुकलेलं असतं. डेटा पुरेसा असेल तर `max` काढून रनरेटच्या गटाप्रमाणे आलेला तक्ता सरळ वापरा, लोक जसे खेळतात तसं उत्तर येतं.

विकेट्सची किंमत: माझी जुनी चूक

मी सुरुवातीला एकच तक्ता घेऊन हे चालवलं होतं. सरासरी बॉल, ओव्हरला ६ च्या आसपास, सगळ्या परिस्थितीत तोच. तर ३० बॉलमध्ये ३० ला उत्तर आलं पन्नासच्या थोडं वर, जे बघताच कळतं की खोटं आहे, सहा विकेट्स असणारी टीम काय सहाच्या स्पीडने खेळत बसणार नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त वाईट, विकेट पडली की भाव हलतच नव्हता. सहाची पाच झाली, पाचची चार झाली, काही नाही. कारण त्या मॉडेलसाठी विकेट म्हणजे फक्त ऑल आउट व्हायची भीती, आणि ती लांब होती. विकेट पडली की बॅट्समन पाय मागे घेतो हे त्याला माहीतच नाही. दोन तक्ते आणि निवडायची मुभा दिली तेव्हा ते सुटलं. तुमचं मॉडेल तपासायची सोपी खूण हीच, बॉल आणि रन्स तसेच ठेवून w एकेक कमी करत जा, भाव सातव्या-आठव्या विकेटला कडेलोट झाल्यासारखा पडत असेल आणि त्याआधी सपाट असेल तर तक्ता बदलत नाहीये.

किती फरक पडतो ते हाताने पण दिसतं. ३० पाहिजेत, हाणून खेळलं तर बॉलला १.६२, म्हणजे साधारण १८ बॉलचं काम. प्रत्येक बॉलला विकेटची शक्यता ०.०८. सहा विकेट्स असतील तर १८ बॉलमध्ये सहाही जायची शक्यता एक टक्क्याच्या पण खाली, बिनधास्त मारा. आता हातात दोनच आहेत. १८ बॉलमध्ये एकही न जाण्याची शक्यता ०.९२ चा अठरावा घात, ०.२२३. बरोबर एक जायची ०.३४९. दोन्ही मिळून ५७ टक्के. म्हणजे उरलेल्या ४३ टक्के वेळा तुम्ही ऑल आउट. म्हणून मग सांभाळून खेळायचं, तर ओव्हरला ६ च्या आसपासच मिळतात आणि बॉल पुरतात की नाही ते शेवटपर्यंत लटकतं. रनरेट ६ च, पण सहा विकेट्सला नव्वदच्या पुढे आणि दोन विकेट्सला त्याच्या बरंच खाली. आणि मघाशी बघितलं तसं दोन बॉल उरलेत तेव्हा सहा आणि एक विकेट यांतला फरकही दोनच टक्के. विकेटची किंमत उरलेल्या बॉलसोबत वितळत जाते.

याच्यात अजून एक सुधारणा लगेच करून टाका. आठव्या नंबरचा येऊन तोच तक्ता खेळत नाही. w तीन किंवा कमी झाला की वेगळा, कमजोर तक्ता वापरा, कोडमध्ये `MODES` ला w प्रमाणे निवडायचं, दोन ओळींचं काम. मधल्या फळीतला नवीन बॅट्समन आला तरी पहिले पाच-सहा बॉल तो सेट झालेल्यासारखा खेळत नाही, तेवढं मनात धरून भाव वाचा.

ब्रिजटाउनची फायनल, ओव्हरमागून ओव्हर

कोड हाताशी नसेल तर बारापेक्षा जास्त बॉल असताना स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत जवळचं उत्तर मिळतं, फक्त विकेट्स पुरेशा पाहिजेत. हाणून खेळायच्या तक्त्यात सरासरी १.६२ आणि व्हेरियन्स ३.८४. ३० बॉलला सरासरी ४८.६, फैलाव म्हणजे √(३० × ३.८४), १०.७३. टाय अर्धी धरल्यामुळे ३० च्या जागी २९ टाकायचे:

```
=1-NORM.DIST(29, 48.6, 10.73, TRUE)
```

०.९६६ येतं. ऑल आउटची थोडी भीती वजा करून ९६ टक्के म्हणू, भाव १.०४. सुरुवातीला दिलेला पहिला आकडा हाच.

पण पुढच्या पाच ओव्हरपैकी दोन बुमराहच्या होत्या. त्या स्पर्धेत त्याची इकॉनॉमी ४.१७ होती, १५ विकेट्स. त्याला सगळ्यांसारखा ९.७ च्या तक्त्यात बसवणं म्हणजे डोळे मिटून हिशोब करणं. त्याच्यासाठी वेगळा तक्ता घेऊ, आणि ४.१७ जशाच्या तसं न घेता थोडं सैल, डॉट ०.४२, एक ०.३७, दोन ०.०५, चौकार ०.०७, षटकार ०.०२, विकेट ०.०७. बॉलला ०.८७, ओव्हरला ५.२. मग १८ बॉल इतरांचे आणि १२ त्याचे, सरासरी ४८.६ वरून ३९.६ वर येते, फैलाव ९.४. सूत्रात टाका, ८७ टक्के, भाव १.१५. नऊ टक्के फक्त कोण टाकणार यावरून गेले आणि एकही बॉल पडलेला नाही.

आता पुढे बघत जा. बुमराहने सोळावी टाकली, ४ रन्स. २४ बॉलमध्ये २६, सहा विकेट्स. बुमराहचा तक्ता नसलेलं मॉडेल म्हणतं ९६ ची ९३ झाली. असलेलं मॉडेल म्हणतं ८७ ची ८५, कारण त्याने तसंही पाच रन्सच धरल्या होत्या. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, चांगली ओव्हर पडली म्हणून भाव हलला पाहिजे असं नाही, ती अपेक्षेपेक्षा चांगली पडली तेवढाच हलला पाहिजे.

सतराव्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलला हार्दिकने क्लासेनला काढलं, २७ बॉलमध्ये ५२ करून तो गेला, ओव्हरमध्ये ४ रन्स. १८ बॉलमध्ये २२, पाच विकेट्स. ही ओव्हर खरी महाग पडली कारण ही इतरांच्या ९.७ वाल्यांपैकी होती. बुमराहची एक ओव्हर धरून हिशोब ६९ टक्के, न धरता ८४. लागणारा रनरेट फक्त ७.३३ आहे, टीव्हीवर बघणाऱ्याला अजून सोपं वाटतंय, आणि भाव १.४५ झालाय. शिवाय सेट बॅट्समन गेलाय ते या ६९ मध्ये धरलेलं नाही, म्हणजे खरं उत्तर अजून खाली.

अठरावी बुमराह, यान्सन बोल्ड, २ रन्स. १२ बॉलमध्ये २०, चार विकेट्स, शक्यता पन्नासच्या आसपास. आता बुमराह संपला म्हणून दोन्ही मॉडेल्स एकाच ठिकाणी येतात. एकोणिसावी अर्शदीप, ४ रन्स, ६ बॉलमध्ये १६. शक्यता १४ टक्के, भाव ७ च्या थोडा वर.

आणि मग विसाव्याचा पहिला बॉल, मिलरने उचलला आणि सूर्यकुमारने बाउंड्रीवर पकडला. तो षटकार गेला असता तर ५ बॉलमध्ये १०, चार विकेट्स, चाळीसच्या थोडं खाली. कॅच झाला म्हणून ५ बॉलमध्ये १६, तीन विकेट्स, ७ टक्क्यांच्या आसपास आणि मिलर नाही म्हटल्यावर त्याहून कमी. एका कॅचची किंमत तीस टक्क्यांच्या वर. भारत ७ रन्सनी जिंकला.

कुठे फसतं आणि कसं ओळखायचं

टोकाच्या आकड्यांची आधी काळजी घ्या. मॉडेल ९६ म्हणतंय आणि खरं ९४ आहे, दोन टक्क्यांची चूक. फेव्हरिटचा भाव १.०४ च्या जागी १.०६, काही वाटत नाही. पण समोरच्याचा २५ च्या जागी १६.७. लहान शक्यतेच्या बाजूला दोन टक्के म्हणजे भावाचा तिसरा हिस्सा. ९५ च्या पुढे किंवा ५ च्या खाली मॉडेल जे म्हणतं ते मी आकडा म्हणून वाचत नाही, तिथे तक्त्यातली छोटीशी चूक, एक जखमी बॅट्समन, जास्तीची एक वाइड, यातलं काहीही भाव दुप्पट-निम्मा करू शकतं.

दुसरं तपासणीचं. जुन्या मॅचेसवर मॉडेल चालवायचं, ७५ ते ८५ म्हटलं त्या सगळ्या वेळी खरंच किती टक्के जिंकले ते बघायचं, प्रत्येक गटाला असंच. पण प्रत्येक बॉल वेगळा नमुना म्हणून मोजू नका. एका चेसमध्ये १२० बॉल असतात आणि निकाल एकच, त्यामुळे वीस मॅचेसमधून चोवीसशे नमुने मिळाल्यासारखे वाटतात आणि प्रत्यक्षात वीसच असतात. मी प्रत्येक मॅचमधून एकच क्षण घेतो, पंधरावी ओव्हर संपल्यावरचा. त्यातही एका गटात १०० मॅचेस असतील आणि मॉडेल ८० म्हणत असेल तर नुसत्या नशिबाने ४ टक्के इकडेतिकडे होणारच, ७५ आले म्हणून तक्ते बदलायला बसू नका, ६८ आले तर बसा. आणि ज्या मॅचेसवरून तक्ते काढले त्यांच्यावरच तपासू नका, वर्ष वेगळं ठेवा, जुन्या सीझन्सवर तक्ते आणि नंतरच्या सीझनवर तपासणी.

चूक एकाच दिशेने दिसत असेल तर तीही काहीतरी सांगते. चेस करणारे मॉडेलपेक्षा सगळीकडे जास्त जिंकतायत तर बहुतेक वाइड्स राहिल्यात किंवा तक्ते पहिल्या इनिंगचे आहेत किंवा रात्री दव पडून बॉल हातात राहत नाही अशी मैदानं डेटात जास्त आहेत. विकेट्स कमी असतानाच फक्त मॉडेल जास्त आशावादी निघत असेल तर शेपटाचा तक्ता कमजोर करायचा राहिलाय. मोठा रनरेट असताना आशावादी असेल तर षटकारांचा आकडा तपासा, तिथे ०.१० च्या जागी ०.१२ लिहिलं तरी ३० बॉलमध्ये सरासरी साडेतीन रन्सनी वर जाते.

पावसाची शक्यता असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डीएलएसचा पार स्कोअर बघायचा, कारण खेळ थांबला आणि परत सुरू झालाच नाही तर निकाल त्यावर लागतो आणि २० बॉल पुढचं गणित निरर्थक होतं. तेव्हा दोन भाव काढायचे, एक मॅच पूर्ण होईल असा आणि एक आत्ता थांबली असं धरून, आणि थांबायची जी काही शक्यता वाटते त्या प्रमाणात मिसळायचे. टी२० मध्ये दुसऱ्या इनिंगच्या पाच ओव्हर झाल्याशिवाय निकालच लागत नाही हे पण त्यात धरायचं.

शेवटचं, तुम्ही जो स्कोअर बघताय तो किती शिळा आहे. टीव्ही आणि स्ट्रीम मैदानाच्या काही सेकंद मागे असतात. तुमचं मॉडेल ५० टक्के म्हणतंय आणि समोरचा भाव अचानक ३५ टक्के म्हणायला लागला तर तुम्हाला काहीतरी स्वस्त सापडलं असं धरून चालू नका, बहुतेक वेळा विकेट पडलेली असते आणि तुमच्या स्क्रीनवर बॉलर अजून रनअप घेत असतो. म्हणून मी तुलना करतो ती ओव्हर संपल्यावरच, फील्ड बदलत असताना, जेव्हा बॉल, रन्स आणि विकेट्स हे तिन्ही आकडे सगळ्यांना सारखेच माहीत असतात.